जर्सीवरचा नंबर स्कोअररला दिसत नाही: फाइल छापायला सोडण्याआधी काय तपासायचं

तक्रारी नेहमी जर्सी अंगावर चढल्यानंतर येतात, आणि दर सीझनला त्याच त्या येतात. तुमच्या संघाचं यातलं काही जुळतंय का ते आधी बघा.

- स्कोअरर माइकवरून विचारतो, "भाऊ, कॅच कोणी घेतला?" आणि क्षेत्ररक्षकाला पाठ वळवून उभं राहावं लागतं.
- 36 नंबरचा झेल 38 च्या खात्यावर पडतो, नाहीतर 33 ला 88 समजलं जातं.
- 11 नंबर लांबून एकच जाड खांब दिसतो.
- व्हॉट्सअॅपवर डिझाइन झकास दिसलेलं असतं, मैदानावर मात्र नंबर जर्सीत विरघळतो.
- दुपारी नंबर वाचता येतो, फ्लडलाइट लागल्यावर येत नाही.
- बाहीवरचा स्पॉन्सरचा लोगो प्रत्येक फोटोत अर्धा काखेत गेलेला असतो.
- बॅट्समन म्हणतो, "याच्या हातातून बॉल सुटताना दिसतच नाही."

मी आठवडाभर जर्सीच्या फाइली बनवतो आणि रविवारी टेनिस क्रिकेटच्या स्पर्धांत स्कोअर लिहितो. म्हणजे आपणच केलेली चूक आपणच मांडवात बसून भोगायची सोय आहे. ही तपासणी त्यातूनच तयार झाली. फुकटची आधी घेतो, खर्चाची शेवटी. निम्म्याहून जास्त दोष पहिल्या दोन तपासण्यांतच सापडतात, त्यामुळे क्रम मोडू नका.

अंतराचा हिशेब एकदाच करून ठेवा

आपण किती लांबून वाचणार आहोत ते ठरल्याशिवाय नंबर मोठा की लहान या वादाला अर्थ नाही. खेळपट्टी 22 यार्डांची, म्हणजे साधारण 20 मीटर. स्कोअररचं टेबल सीमारेषेबाहेर असतं, तिथून खेळपट्टीच्या आसपासचे खेळाडू 60 ते 70 मीटरवर येतात. मी 70 धरतो, म्हणजे साडेतीन खेळपट्ट्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे 6/6 दृष्टी म्हणतात त्या माणसाला 70 मीटरवरून जेमतेम 10 सेंटिमीटर उंचीचं अक्षर ओळखता येतं, आणि त्या अक्षराची प्रत्येक रेघ 2 सेंटिमीटर जाडीची लागते. हे झालं तक्त्यासमोर निवांत बसून, पांढऱ्यावर काळं वाचताना. मैदानात खेळाडू पळतोय, कापडाला चुण्या पडल्यात, स्कोअररच्या डोळ्यांवर ऊन आहे आणि त्याला नजर टाकायला एक-दोन सेकंद मिळतात. म्हणून मी उंची अडीचपट धरतो आणि रेघ दुप्पट: नंबर 25 सेंटिमीटर उंच, रेघ 4 सेंटिमीटर जाड. एक आकडा साधारण 13 सेंटिमीटर रुंद, मध्ये 4 सेंटिमीटर फट, म्हणजे दोन आकडी नंबर 30 सेंटिमीटरमध्ये बसतो. मध्यम साइझच्या जर्सीची पाठ सपाट ठेवली तर 50 सेंटिमीटरच्या आसपास भरते, पण अंगावर चढली की दोन्ही कडांचा बराचसा भाग कुशीकडे वळतो. 30 च्या पुढे गेलात तर आकड्यांच्या कडा बरगड्यांवर जातील.

त्या हिशेबातला 2 सेंटिमीटरचा आकडा लक्षात ठेवा. 70 मीटरवर त्याहून बारीक असलेली कुठलीही गोष्ट, मग ती आउटलाइन असो, सावली असो किंवा 3 चं तोंड असो, स्वतंत्र दिसत नाही. शेजारच्या रंगात मिसळून जाते. पुढचे निम्मे दोष याच एका गोष्टीतून येतात.

तपासणी 1: मोबाइल दीड मीटरवर ठेवा (खर्च शून्य)

डिझाइन मोबाइलवर पाहून पास केलं जातं, आणि घोळ इथेच होतो. हातातल्या मोबाइलवर पाठीचं पॅनेल पूर्ण स्क्रीनभर दिसतं. एवढी मोठी जर्सी मैदानात फक्त यष्टिरक्षकाला दिसते.

तेव्हा फोटो बोटांनी लहान करा, नंबर 5 मिलिमीटर उंच होईपर्यंत. पट्टी लावून मोजा, अंदाज नको. 25 सेंटिमीटरचा नंबर 5 मिलिमीटर झाला म्हणजे सगळं 50 पट लहान झालं, आणि 70 मीटरचं अंतर झालं 1.4 मीटर. मोबाइल टेबलावर उभा करून तेवढं मागे सरका आणि वाचा. स्क्रीनचा उजेड निम्मा ठेवा, कारण कापड स्वतःहून उजळत नाही.

यात एक पथ्य आहे: तुम्ही स्वतः वाचू नका. नंबर तुम्ही टाकलाय, तुमच्या डोळ्यांना तो आधीच पाठ आहे. घरातल्या कुणाला तरी बोलवा, दोन सेकंद दाखवा आणि विचारा. माझ्याकडे हे काम आई करते. तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून तिच्यासारखी परीक्षक नाही.

दुसरं पथ्य नंबराच्या निवडीचं. नमुन्याला सगळे 7 नाहीतर 10 टाकतात, आणि ते कुठल्याही फाँटमध्ये वाचता येतात. तपासायचे ते 36, 38, 88, 69, 17 आणि 11. 36 चा 38 वाचला गेला तर 6 वर बंद होतोय, म्हणजे फाँट बदलायचा. 3 आणि 6 यांच्या उघड्या तोंडाची फट किमान 3 सेंटिमीटर हवी. टोकं आत वळवलेले, धारदार कोपऱ्यांचे 'रेसिंग' फाँट इथेच मार खातात, कारण त्यांचा 3 म्हणजे डावीकडे बारीक चीर असलेला 8 असतो. 17 चा 11 झाला तर 7 ची आडवी रेघ आखूड आहे. 11 चा खांब झाला तर मधली फट वाढवा, रेघेच्या जाडीएवढी तरी ठेवा.

काही मंडळं हौसेने देवनागरी आकडे मागतात. मला आवडतात, पण १ आणि ९ मधला फरक लांबून एका गाठीवर येऊन ठेपतो. ती गाठ मोठी आणि मोकळी असलेला फाँट मिळाला तरच हो म्हणा.

तपासणी 2: रंग काढून टाका (खर्च शून्य)

डिझाइनचा स्क्रीनशॉट घ्या आणि गॅलरीतल्या एडिटमध्ये जाऊन तो कृष्णधवल करा. कोरलमध्ये असाल तर पाठीच्या पॅनेलची एक प्रत बिटमॅप करून `Bitmaps > Mode > Grayscale`. नंबर आणि जर्सी एकाच राखाडीत गेले तर लांबूनही तेच होणार.

कारण असं की बारीक आकार ओळखताना डोळा रंगापेक्षा फिकट-गडद फरकावर जास्त चालतो. लाल आणि हिरवा जवळून एकमेकांच्या उरावर बसतात, पण दोघांचा उजळपणा जवळजवळ सारखाच. शिवाय प्रेक्षकांत, स्कोअररांत लाल-हिरवा फरक नीट न कळणारे पुरुष असतातच. रात्रीच्या सामन्यात जुने पिवळे सोडियम दिवे असतील तर त्या उजेडात सगळेच रंग मातकट होतात. तिथे उरतो तो फक्त फिकट-गडद फरक.

एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण हेच दरवर्षी येतं. संघाला भगवी जर्सी हवी होती, त्यावर सोनेरी नंबर आणि नंबराला काळी आउटलाइन. स्क्रीनवर राजेशाही दिसत होतं, मलाही आवडलं. छापलं. पहिल्याच सामन्यात डीप मिडविकेटला झेल गेला आणि मी 36 च्या जागी 38 लिहिला. तो पोरगा संध्याकाळी येऊन म्हणाला, "दादा, जर्सी तुम्हीच छापली आणि कॅच पण तुम्हीच खाल्ला." बोलायला जागाच नव्हती.

घरी येऊन रंगांचे कोड कॉन्ट्रास्ट मोजणाऱ्या फुकटच्या साइटवर टाकले. तिथे दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर मिळतं. रंग सारखाच असेल तर 1, पांढऱ्यावर काळा असेल तर 21. आकडे असे निघाले:

```
भगवा #FF6600 वर सोनेरी #FFD700 : 2.1
भगवा #FF6600 वर पांढरा #FFFFFF : 2.9
भगवा #FF6600 वर नेव्ही #000080 : 5.5
भगवा #FF6600 वर काळा #000000 : 7.2
हिरवा #008000 वर लाल #FF0000 : 1.3
```

माझी स्वतःची रेषा अशी: 4.5 च्या वर असेल तर डोळे झाकून छापा, 3 च्या खाली असेल तर संघाने कितीही हट्ट केला तरी छापू नका. मधले असतील तर तपासणी 3 केल्याशिवाय फाइल सोडू नका. भगव्यावर पांढरा 3 ला सुद्धा पोचत नाही, हे बघून बहुतेकांना धक्का बसतो. पांढरा रंग कशावरही उठतो असं आपण धरून चालतो, पण तो गडद रंगावर उठतो आणि भगवा काही गडद नव्हे.

"पण काळी आउटलाइन होती ना?" हे मी स्वतःलाच विचारलं होतं. आउटलाइन होती 4 मिलिमीटरची. वरचा 2 सेंटिमीटरचा हिशेब आठवा. पाच पट बारीक रेघ 70 मीटरवर रेघ म्हणून उरत नाही, ती सोनेरीत मिसळून सोनेरी मळकट करते, म्हणजे तो भगव्याच्या आणखी जवळ जातो. आउटलाइन 10-15 मीटरवर उपयोगी पडते, मोबाइलवर फारच पडते, मांडवातून शून्य. चुकीच्या रंगाचा नंबर आउटलाइनने वाचत नाही.

वर त्या आउटलाइनने आणखी एक दगा दिला होता. कोरलमध्ये आउटलाइन आकाराच्या कडेवर मध्यभागी बसते, निम्मी बाहेर आणि निम्मी आत. त्यामुळे नंबराची रेघ बारीक झाली, आणि 8 ची भोकं बाहेर आलेल्या काळ्याने लहान झाली. `Behind fill` लावलं की रेघेची जाडी वाचते, भोकं मात्र तरीही भरतात. म्हणून आउटलाइन द्यायचीच असेल तर आधी भोकं मोठी असलेला फाँट निवडा.

पुढच्या लॉटला नंबर नेव्ही केला. सोनेरीचा मोह संघाला सोडवत नव्हता, तो बाहीच्या पट्टीवर आणि नावात ठेवला. त्यानंतर त्या संघाचा नंबर मला एकदाही विचारावा लागलेला नाही.

कृष्णधवल चित्रात आणखी एक गोष्ट बघा: नंबरामागची नक्षी. वाघाचे पट्टे, शाईचे शिंतोडे, षटकोनी जाळी. फिकट आणि गडद दोन्ही छटा असलेल्या नक्षीवर कुठलाही नंबर टाका, त्याचा काही भाग कुठेतरी हरवणारच. नक्षी काढा असं मी म्हणत नाही, पोरं ऐकणारही नाहीत. नंबराच्या चारी बाजूंना 5 सेंटिमीटर अंतरात ती विरळ करत एकसारख्या रंगात मिळवा. पुढच्या बाजूला नि बाह्यांवर हवा तेवढा वाघ सोडा.

तपासणी 3: दोन ए-फोर कागद आणि एक मित्र (खर्च चहाचा)

25 सेंटिमीटर उंचीचा आकडा ए-फोर कागदावर खऱ्या मापात बसतो, कागद 29.7 बाय 21 चा असतो. प्रत्येक आकडा एका कागदावर, मागचा जर्सीचा रंगही भरून, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे रंगीत छापून घ्या. कडा कापून दोन्ही कागद मित्राच्या पाठीवर सेफ्टीपिनने लावा आणि मैदानावर जा. साडेतीन खेळपट्ट्या मोजून उभे राहा.

त्याला नुसता उभा करू नका. धावायला सांगा, वाकून चेंडू उचलायला सांगा, तिरका उभा करा. दुपारी 12 ला एकदा, सूर्य त्याच्या पलीकडे असताना संध्याकाळी एकदा. सूर्य तुमच्या समोर असला की त्याची पाठ सावलीत जाते आणि सगळे गडद रंग एकसारखे काळे वाटू लागतात. मरून जर्सीवर काळा नंबर इथे नापास होतो, दुपारी कितीही बरा दिसला तरी.

नंबराची जागाही याच वेळी ठरते. वर नाव असेल तर नंबर खाली सरकतो, आणि जर्सी पँटमध्ये खोचली की त्याचा पाय झाकला जातो. देवनागरी नावात हे जास्त होतं. 6 सेंटिमीटरचं नाव म्हटलं तरी वरच्या मात्रा, रफार आणि खालचे उकार धरून 9 सेंटिमीटर खातं. 70 मीटरवरून ते नाव तसंही कुणी वाचणार नाही, ते फोटोसाठी असतं. तेव्हा जागा कमी पडली तर नाव लहान करा, नंबर नाही.

साइझचा घोळही इथेच पकडा. बरेच डिझाइनर पाठीचं पॅनेल साइझप्रमाणे सरसकट लहान-मोठं करतात, मग लहान पोराच्या जर्सीवर नंबर 18 सेंटिमीटरचा होतो आणि पोटुशा कॅप्टनच्या पाठीवर फाकतो. नंबर वेगळा ठेवा. मोठ्यांच्या सगळ्या साइझना 25, लहान मुलांना निदान 20.

लाइव्ह प्रक्षेपण असेल तर कॅमेऱ्याचा हिशेब वेगळा. 1920 पिक्सेल रुंदीच्या चित्रात 60 मीटर मैदान घेतलं तर 25 सेंटिमीटरच्या नंबराला 8 पिक्सेल मिळतात. एवढ्यात 36 आणि 38 वेगळे दिसणं अशक्य. तिथे दोष जर्सीचा नाही. कॅमेरावाल्याला झूम करायला सांगा.

तपासणी 4: बाही कागदात कापून दंडाला गुंडाळा

बाहीची फाइल सपाट असते आणि तिथेच फसगत होते. स्क्रीनवर बाही पंख्यासारखी पसरलेली दिसते, लोगो दोन्हीकडे मावतो, पट्टे सुंदर वाटतात. शिवल्यावर तिची नळी होते. हात खाली सोडला की बाहेरून मधली 10-12 सेंटिमीटरची पट्टी तेवढी दिसते, बाकी सगळं पुढे, मागे नाहीतर काखेत.

कटिंग मास्तरकडून बाहीचा खरा साचा घ्या. आपला अंदाजाचा नको, कारण प्रत्येक मास्तरचा उतार निराळा. त्यावर डिझाइन ठेवून खऱ्या मापात छापा, कागद कापा, कुणाच्या तरी दंडाला गुंडाळून चिकटवा आणि त्याला बॅटिंगचा पवित्रा घ्यायला सांगा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा खांदा गोलंदाजाकडे असतो, म्हणजे समोरच्या कॅमेऱ्याला त्याची डावी बाही दिसते. डावखुऱ्याची उजवी. मोठ्या क्रिकेटमध्ये पुढच्या हाताची बाही आणि मागच्या हाताची बाही अशा जागा स्पॉन्सरला वेगवेगळ्या विकल्या जातात, त्यामागे हेच कारण. आपल्याकडे प्रत्येक खेळाडूची जर्सी वेगळी करणं परवडत नसेल, तर गावच्या स्पॉन्सरचा लोगो डाव्या बाहीवर घ्या, कारण संघात उजव्या हाताने खेळणारेच जास्त निघतात.

बाहीवर नंबर मागितला तर द्या, पण तो 8-10 सेंटिमीटरचा असतो आणि जवळच्या फोटोपुरता असतो. पाठीवरचा नंबर त्यामुळे लहान करायचा नाही.

रॅगलन बाही असेल तर जपून. तिची शिवण गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जाते आणि पाठीचे वरचे दोन्ही कोपरे बाहीत जातात. साध्या बाहीवर बसणारं रुंद नाव इथे शिवणीवर चढतं, शिवताना पहिलं नि शेवटचं अक्षर कापलं जातं. मग नाव आखूड करा किंवा नावासकट सगळं खाली घ्या आणि तपासणी 3 पुन्हा करा.

आता बॅट्समनची ती तक्रार. गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटतो तेव्हा बॅट्समनच्या नजरेत चेंडूच्या लगेच खाली हात असतो. फुल बाही चेंडूच्याच रंगाची असेल तर सुटण्याचा क्षण हरवतो. टेनिस क्रिकेटला पोपटी-पिवळा चेंडू असेल तर निऑन पिवळी फुल बाही नको, सीझन चेंडूच्या पांढऱ्या बॉल सामन्यांना पांढरी नको. तक्रार आली की अंपायर गोलंदाजाला थांबवतो, आणि एका बाहीपायी चांगली जर्सी घडी करून ठेवावी लागते. बाहीचा खालचा अर्धा भाग गडद केला तरी काम भागतं.

तपासणी 5: त्याच कापडावर पट्टी छापून घ्या

इथपर्यंत सगळं कागदावर होतं. सबलिमेशनमध्ये कागदावरची शाई उष्णतेने वाफ होऊन कापडात उतरते, आणि कागद आणि कापड दोघांचं पटतंच असं नाही, म्हणून पूर्ण लॉट सोडण्याआधी 30 बाय 30 सेंटिमीटरची एक पट्टी मागा: एक आकडा, त्यामागचा रंग आणि बाहीच्या पट्ट्याचा तुकडा. मशीन तेच, कापड त्याच ताग्याचं. छापणारा कुरकुर करेल. पैसे देऊन घ्या, 15 जर्सी वाया जाण्यापेक्षा स्वस्त पडतं.

पट्टी हातात आली की चार गोष्टी बघतो.

निऑन रंग उतरलाय का? साध्या चार शायांत स्क्रीनवरचा झगमगीत पोपटी येत नाही, मळका पिवळसर हिरवा येतो. त्याला फ्लोरोसंट शाई लागते, ती त्या प्रेसकडे आहे का ते विचारा. काळ्यावर निऑन नंबराचं जे गुणोत्तर स्क्रीनवर मोजलं होतं ते शाई बदलली की खाली येतं.

काळा खरंच काळा आहे का? मशीनचं कलर प्रोफाइल जुळलं नाही तर काळा तपकिरी नाहीतर हिरवट उतरतो, नेव्ही जांभळट होतो.

पांढरा किती पांढरा आहे? सबलिमेशनमध्ये पांढरी शाई नसते, पांढरा म्हणजे न छापलेलं कापड. कापड मुळातच ऑफव्हाइट असेल तर नंबरही तसाच येणार. आणि हीट प्रेस उघडताना गरम कागद जरासा सरकला तर वाफेतली शाई शेजारी बसते, नंबराच्या कडेला दुसरी फिकट सावली उमटते. तिला घोस्टिंग म्हणतात. नेव्ही जर्सीवरच्या पांढऱ्या नंबराला निळसर कड दिसली तर तेच.

शेवटी पट्टी अर्धी भिजवून उन्हात धरा. राखाडी आणि आकाशी कापड घामाने दोन छटा गडद होतं. राखाडी जर्सीवर गडद निळा नंबर सकाळी छान दिसतो, आणि सहाव्या षटकानंतर, पाठ भिजली की, जातो.

कुठे थांबायचं

तपासणी 5 मध्ये रंग चुकला तर फाइलमधले कोड बदलत बसू नका. मी एका रात्रीत नेव्हीचे सात प्रकार करून पाहिले होते. चूक मशीनच्या प्रोफाइलमध्ये होती, सातही वाया गेले. एकदा कोड तपासा, बरोबर असेल तर पट्टी आणि फाइल घेऊन छापखान्यातल्या रंग सांभाळणाऱ्या ऑपरेटरकडे जा. प्रोफाइल, प्रेसचं तापमान आणि वेळ हे त्याचं काम आहे. साधारण 200 अंश आणि पाऊण ते एक मिनिट असं सगळे सांगतात, पण कापड बदललं की ते बदलतं, आणि घरच्या लहान प्रेसवर प्रयोग करून कापड पिवळं करून घेण्यात अर्थ नाही. घोस्टिंगही त्यालाच दाखवा.

रॅगलनची शिवण, साचा, नंबर शिवणीत जाणं हे मास्तरचं. स्क्रीनवर ओढूनताणून बसवलेलं डिझाइन त्याच्या कात्रीपुढे टिकत नाही.

आणि जर्सी आधीच छापून आली असेल, स्पर्धा तोंडावर असेल, नंबर दिसत नसेल, तर हीट प्रेस व्हिनाइलचा नवा नंबर वर चिकटवायचा विचार सगळ्यांच्याच डोक्यात येतो. उपाय चालतो, पण स्वतः करू नका. सबलिमेशनची शाई उष्णतेने पुन्हा वाफ होऊन वर येते. मी एकदा लाल जर्सीवर साधं पांढरं व्हिनाइल इस्त्रीने लावलं. शुक्रवारी रात्री नंबर शुभ्र होते, सगळ्यांनी शाबासकी दिली. रविवारी सकाळी पोरं मैदानात उतरली तेव्हा अकराच्या अकरा नंबर गुलाबी झाले होते. व्हिनाइल करणाऱ्याकडे शाई अडवणारा, खाली राखाडी थर असलेला प्रकार मिळतो, तो कमी तापमानावर लावतात. तो आहे का ते विचारा, आणि आधी एकाच जर्सीवर लावून दोन दिवस थांबा.